लग्न रविवारी, मग केसांना डाय कधी लावायचा? दिवसांचं साधं गणित

लग्नघरात शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकललं जाणारं काम म्हणजे केस रंगवणं. किराणा भरला जातो, आहेराच्या साड्या आणून होतात, आचारी ठरतो. मग हळदीच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं की डाय लावायचा राहिला. घाईघाईत पाउच फोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर काळा पट्टा किंवा कानामागे खाज घेऊन पाहुण्यांसमोर उभं राहावं लागतं.

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीसारख्या भागात यात पाण्याचीही भर पडते. हा तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. ताज्या रंगवलेल्या केसांवर या पाण्याचाही परिणाम होतो.

मग नेमकं किती दिवस आधी केस रंगवावेत? थोडक्यात उत्तर असं: पांढरे केस काळे किंवा तपकिरी करायचे असतील तर कार्यक्रमाच्या ४ ते ५ दिवस आधी. त्वचेवरची चाचणी त्याच्याही ४ दिवस आधी. आणि आजवर कधीच न केलेला नवा रंग करायचा असेल तर किमान ३ ते ४ आठवडे आधी. हे आकडे कुठून येतात, ते पाहूया.

४ ते ५ दिवसच का?

डाय लावल्यावर दोन गोष्टी सुरू होतात आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. एकीकडे रंग बसत जातो आणि दिसायला सुधारतो. दुसरीकडे केस वाढत जातात आणि मुळाशी पांढरं दिसू लागतं. दोन्हींच्या मधला काळ म्हणजे आपल्याला हवा असलेला दिवस.

आधी रंग बसण्याचं पाहू. काळ्या आणि तपकिरी रंगाच्या बहुतेक डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याचं पूर्ण नाव पॅरा-फिनिलीनडायअमाइन. डबीत ते काळं नसतं. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या घटकाशी त्याचा संयोग झाला की केसाच्या आत रंगाचे मोठे कण तयार होतात आणि तिथेच अडकून बसतात. म्हणून हा रंग धुतला तरी पूर्ण निघत नाही. मात्र केसाच्या वरच्या थरावर आणि त्वचेवर राहिलेला जास्तीचा रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत निघून जातो.

म्हणूनच डाय लावलेल्या दिवशी केस एकसारखे गडद काळे, टोप घातल्यासारखे दिसतात. फोटोत तर ते जास्तच जाणवतं. कपाळाच्या कडेला, कानाच्या पाळीवर आणि मानेवर पडलेले डागही लगेच जात नाहीत. त्वचेचा वरचा थर रोज थोडाथोडा झडतो, त्याच्यासोबत हे डाग साधारण २ ते ४ दिवसांत फिके होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी डाग गेलेले असतात आणि रंगही थोडा मवाळ, नैसर्गिक दिसू लागतो.

आता केस वाढण्याचं. डोक्यावरचे केस महिन्याला सरासरी १ सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. चार दिवसांत सव्वा-दीड मिलिमीटर होतात, ते कुणाच्या नजरेत येत नाहीत. पंधरा दिवसांत मात्र ५ मिलिमीटर होतात आणि भांग पाडला की पांढरी रेघ स्पष्ट दिसते. ज्यांचे बहुतेक केस पांढरे आहेत, त्यांना ती दहाव्या दिवसापासूनच खुपू लागते.

म्हणून १५ दिवस आधी डाय लावून निश्चिंत होणं चूक आणि आदल्या रात्री लावणंही चूक.

मिशी आणि दाढीचं गणित वेगळं का?

नवरदेवाच्या किंवा नवरीच्या वडिलांनी डोक्यासोबत मिशीही त्याच दिवशी रंगवली, तर लग्नाच्या दिवशी मिशीच्या मुळाशी पांढरं दिसू शकतं. कारण मिशी आणि दाढी आखूड असते. डोक्यावरच्या १० सेंटीमीटर लांब केसांत दीड मिलिमीटर पांढरं लपून जातं. कातरलेल्या ४-५ मिलिमीटरच्या दाढीत तेवढाच भाग जवळपास एक तृतीयांश होतो.

म्हणून दाढी-मिशी १ ते २ दिवस आधी रंगवणं सोयीचं. पण चेहऱ्याची त्वचा नाजूक असते आणि डाग लपवायला जागा नसते. त्यामुळे आजूबाजूच्या त्वचेवर आधी व्हॅसलीनचा पातळ थर लावावा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. भुवया आणि पापण्यांना मात्र डाय कधीच लावायचा नाही. त्याने दृष्टी जाऊ शकते आणि तसा इशारा पाकिटावरच छापलेला असतो.

त्वचेवरची चाचणी कशी करायची?

दिवस ठरवताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट रंगाची नाही, ॲलर्जीची आहे. पीपीडीची ॲलर्जी लगेच दिसत नाही. ज्याच्या शरीराला ती आहे, त्याला काही तासांनंतर ते २-३ दिवसांच्या आत त्रास सुरू होतो. आधी टाळूला आणि कानामागे खाज येते, मग लाली, मग पुरळ. त्रास जास्त असेल तर कपाळ आणि पापण्या सुजतात, केसांच्या कडेने पाणी सुटतं. आदल्या रात्री डाय लावला तर ही सूज नेमकी लग्नाच्या किंवा स्वागत समारंभाच्या दिवशी येते आणि पूर्ण उतरायला आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात.

म्हणजे चार दिवस आधी डाय लावूनही हा धोका टळत नाही. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे आधी चाचणी करणं.

भारतात हे ऐच्छिक समजलं जात असलं तरी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्येच अशा डायच्या पाकिटावर सावधगिरीची सूचना छापण्याची आणि सोबत चाचणीची पद्धत देण्याची तरतूद आली. प्रत्येक वेळी डाय लावण्याआधी चाचणी करावी, असं त्या सूचनेत म्हटलेलं असतं. त्या पद्धतीत २४ तासांनी जागा धुवायला सांगितलं आहे. पण ॲलर्जी उशिरा उमटते, हे लक्षात घेता ४८ तास थांबणं जास्त सुरक्षित. आता अनेक पाकिटांवरही ४८ तासच लिहिलेले असतात.

पद्धत सोपी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबणाने धुऊन कोरडी करा. जो डाय डोक्याला लावणार आहात, तोच चिमूटभर घ्या. पावडर असेल तर पाण्याच्या थेंबात कालवा. दोन ट्यूब असतील तर दोन्हींतून थोडं थोडं घेऊन मिसळा. हे मिश्रण एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावून वाळू द्या आणि ४८ तास जागा ओली करू नका. खाज, लाली, पुरळ किंवा सूज दिसली तर लगेच धुवा आणि तो डाय वापरू नका. काहीच झालं नाही तरी पुढचे एक-दोन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवा.

या चाचणीलाही मर्यादा आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच डाय लावला, त्याच्या शरीरात ॲलर्जी तयार व्हायलाच १०-१४ दिवस लागू शकतात. त्यामुळे पहिली चाचणी स्वच्छ आली तरी ती कायमची हमी नाही. वर्षानुवर्षं तोच डाय लावणाऱ्यालाही एखाद्या वेळी अचानक त्रास सुरू होतो. म्हणून दर वेळी नवी चाचणी.

काळ्या मेंदीने फसवणूक कशी होते?

‘आम्ही डाय लावत नाही, काळी मेंदी लावतो’ असं अनेक घरांत ऐकू येतं. खरी मेंदी कधीच काळी नसते. मेंदीच्या पानातला लॉसोन हा घटक केसाला केशरी-लाल रंग देतो, पांढऱ्या केसावर तर तो तांबडाच दिसतो. केस पाण्यात कालवलेल्या पावडरीने अर्ध्या तासात काळे होत असतील, तर त्यात बहुतेक वेळा पीपीडी असतो. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, ती वाचली की कळतं. ‘अमोनिया नाही’ असं समोर लिहिलेलं असलं म्हणजे पीपीडीही नाही, असं होत नाही.

हाच पीपीडी हातावर लवकर रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही मिसळला जातो. हातावर तो बराच वेळ आणि अनेकदा जास्त प्रमाणात राहतो, त्यामुळे त्यातून ॲलर्जी तयार होण्याचा धोका मोठा असतो. एकदा ती तयार झाली की पुढे केसांच्या डायनेही त्रास होतो. कुणाच्या लग्नात हातावर काळी मेंदी काढल्यावर नक्षीच्या जागी फोड किंवा खाज आली असेल, तर त्या व्यक्तीने घरी चाचणीसुद्धा करू नये. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

खरी मेंदी लावणाऱ्यांनीही दिवस मोजायला हवेत. लॉसोनचा रंग धुतल्यावर लगेच भडक केशरी दिसतो आणि पुढच्या १ ते ३ दिवसांत हवेशी संयोग होऊन गडद होतो. मेंदीनंतर नीळ लावली तर ती पहिल्या दिवशी हिरवट दिसू शकते आणि दीड-दोन दिवसांत काळपट होते. म्हणून मेंदीलाही ३ ते ४ दिवस द्यावेत. आदल्या दिवशी लावलेली मेंदी लग्नात केशरीच दिसते.

खारपाणपट्ट्यात पाण्याचं काय करायचं?

बोअरच्या खाऱ्या, जड पाण्यात शाम्पूचा फेस नीट येत नाही. केस स्वच्छ झाले नाहीत असं वाटतं आणि शाम्पू दोनदा, तीनदा घेतला जातो. रंगवलेल्या केसांतून रंग सर्वांत जास्त जातो तो पहिल्या काही धुण्यांत. त्यामुळे जेवढा शाम्पू जास्त, तेवढा रंग लवकर फिका. शिवाय पाण्यातले क्षार केसांवर साचतात. केस राठ लागतात, चमक जाते आणि रंग प्रत्यक्षात टिकलेला असला तरी मळकट दिसतो.

यावर खर्चिक उपाय लागत नाही. डाय कालवण्यासाठी आणि डोकं शेवटी विसळण्यासाठी बोअरऐवजी नळाचं किंवा कॅनमधलं पाणी घ्यावं. पहिली धुवण बोअरच्या पाण्याने झाली तरी चालेल, शेवटचे दोन-तीन तांबे मात्र गोड्या पाण्याचे असावेत. डाय लावल्यानंतर ४८ ते ७२ तास शाम्पू टाळावा. त्यानंतरही शाम्पू एकदाच आणि वर थोडं कंडिशनर. पाणी कोमट किंवा साधं, कडकडीत गरम नको.

पाहुण्यांसाठी मंगल कार्यालयात मुक्काम असेल तर तिथलं पाणी कसं आहे, हे आधीच विचारून ठेवणं बरं.

एक लग्न, आठ दिवसांचं वेळापत्रक

समजा, मे महिन्यात रविवारी लग्न आहे. शुक्रवारी संध्याकाळी मेंदी, शनिवारी हळद. नवरीच्या आईला केस काळे करायचे आहेत आणि त्या नेहमीचाच डाय वापरणार आहेत. त्यांचा आठवडा असा बसतो.

आधीचा शनिवार, संध्याकाळी ७ वाजता: दोन पाकिटं आणावीत, एक चाचणीसाठी आणि एक डोक्यासाठी. दोन्ही एकाच कंपनीची आणि एकाच छटेची. कानामागे चाचणीचा ठिपका लावावा.

सोमवार, संध्याकाळी ७: ४८ तास झाले. जागा धुऊन पाहावी. उन्हाळ्यात घामाने कानामागे घामोळं येऊ शकतं, म्हणून दुसऱ्या कानामागची जागाही बघावी. त्रास फक्त ठिपक्याच्या जागीच असेल तर तो डायचा समजावा.

मंगळवार: जागा पुन्हा पाहावी. स्वच्छ असेल तर आज डोकं धुऊन घ्यावं. डाय लावायच्या दिवशी शाम्पू करू नये. एक दिवस जुनं, नैसर्गिक तेलाचा पातळ थर असलेलं डोकं त्वचेला कमी झोंबतं. मात्र खोबरेल तेल थापून डाय लावू नये, रंग नीट धरत नाही. टाळूवर जखम किंवा खाजवल्याचे ओरखडे असतील तर डाय पुढे ढकलावा.

बुधवार, संध्याकाळी: डाय. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलीन लावावं. हातात मोजे घालावेत. आधी जिथे पांढरं जास्त आहे तिथे, म्हणजे भांग आणि कानशिलावर लावावं. घड्याळ लावून पाकिटावरच्या वेळेला धुवावं. जास्त वेळ ठेवल्याने रंग जास्त टिकत नाही, टाळूचा दाह मात्र वाढतो. विसळताना पाणी स्वच्छ येईपर्यंत विसळावं, शाम्पू नाही.

गुरुवार, शुक्रवार: डोक्यावरून पाणी नाही. उशीवर जुनं कापड टाकावं. दुपारच्या उन्हात पत्रिका वाटायला जाताना डोक्यावर पदर किंवा दुपट्टा घ्यावा. कडक ऊन आणि घाम, दोन्ही ताज्या रंगाला मारक.

शनिवार: हळदीच्या आधी केस घट्ट बांधून त्यावर कापड गुंडाळावं. न रंगलेल्या पांढऱ्या केसांवर हळद पिवळी छटा सोडते. हळदीनंतर संध्याकाळी पहिला शाम्पू. डाय लावून ७२ तास झालेले असतात.

रविवार: डोकं धुण्याची गरज नाही. मुळाशी वाढ झाली आहे फक्त सव्वा मिलिमीटरच्या आसपास. मंगळवारी स्वागत समारंभ असला तरी ती २ मिलिमीटरच्या आसपासच राहते.

सोमवारी चाचणीत त्रास दिसला असता तरी पर्यायासाठी सहा दिवस हातात राहिले असते. खरी मेंदी किंवा मेंदी आणि नीळ, पण पाकिटामागे पीपीडी नाही हे पाहून. नाहीतर मुळांवर मारायचा धुऊन निघणारा स्प्रे किंवा पावडर, तीही आधी थोड्या जागेवर लावून पाहूनच. आदल्या रात्री डाय लावणाऱ्याकडे हा वेळ नसतो.

सणांसाठी हेच गणित चालतं का?

चालतं, पण प्रत्येक सणात डोकं कधी धुतलं जातं ते पाहावं लागतं. दिवाळीत नरक चतुर्दशीला तेल लावून अभ्यंगस्नान होतं आणि ते तेल काढायला भरपूर शाम्पू लागतो. आदल्या दिवशी डाय लावला तर रंगाचा मोठा भाग त्याच सकाळी मोरीत जातो. त्यामुळे अभ्यंगस्नानाच्या ४ दिवस आधी डाय लावावा. वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या दिवसांत अनेक बायका डोक्यावरून आंघोळ करतात, तिथेही महालक्ष्म्या बसण्याच्या ४ दिवस आधीचा दिवस योग्य.

दसऱ्याची अडचण वेगळी. काही घरांत पितृपक्षात आणि नवरात्रात केस कापणं, रंगवणं टाळतात. पितृपक्षाचे साधारण १५-१६ दिवस आणि नवरात्राचे ९ दिवस मिळून २५ दिवस होतात. पितृपक्षाच्या आदल्या दिवशी डाय लावला तरी दसऱ्याला मुळाशी ८ मिलिमीटरच्या आसपास पांढरं दिसणार. प्रथा पाळायची असेल तर दसऱ्याच्या सकाळी भांगापुरता धुऊन निघणारा स्प्रे मारणं हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग. सर्वपित्री अमावस्येनंतर लगेच घटस्थापना असल्याने मध्ये मोकळा दिवस सहसा मिळत नाही.

नवा रंग करायचा असेल तर?

काळ्या केसांना तांबूस, सोनेरी किंवा पट्ट्यांचा रंग करायचा असेल तर आधी केसांचा मूळ रंग उतरवावा लागतो. पहिल्याच बैठकीत मनासारखी छटा येईलच असं नाही. मुळाशी डोक्याच्या उष्णतेमुळे रंग लवकर उजळतो आणि टोकांना मागे राहतो. त्यावर आधी मेंदी लावलेली असेल तर केस नारिंगी होण्याची शक्यता असते. काही मिश्र मेंदी पावडरींत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग झाल्यावर केस तापतात, तुटतात.

म्हणून नव्या रंगासाठी ३ ते ४ आठवडे. आधी मागच्या बाजूची, आतली एक बारीक बट रंगवून पाहावी. मग पूर्ण रंग. दुरुस्ती लागली तर दोन आठवड्यांनी, आणि शेवटी लग्नाच्या ४-५ दिवस आधी फक्त मुळांना हात.

सलूनमध्ये जाणार असाल तर सोमवार बघून घ्या. महाराष्ट्रात बरीच सलून त्या दिवशी बंद असतात आणि लग्नसराईत आदला शनिवार-रविवार भरलेला असतो. मधला बुधवार किंवा गुरुवार हिशोबातही बसतो आणि गर्दीही कमी असते.

त्रास झालाच तर?

डाय लावताना थोडी झणझण अनेकांना होते. पण जळजळ वाढत गेली तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच भरपूर पाण्याने धुवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, पुरळ किंवा पापण्यांवर सूज आली तर त्यावर पुन्हा कसलाही लेप, लिंबू किंवा तेल चोळू नका. डॉक्टरांना दाखवा आणि डायचं रिकामं पाकीट सोबत न्या, त्यावरून घटक कळतात. श्वास घ्यायला त्रास होत असेल, ओठ किंवा जीभ सुजली असेल तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

लग्नघरात लहान मुलं भरपूर असतात. डायची उघडी पाकिटं आणि कालवलेली वाटी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पीपीडी पोटात गेला तर तो जीवघेणा ठरू शकतो.